छतावरचा पहिला दिवस: आयसोलेटर बंद, टेस्टर विझलेला, तरी मीटरवर ४९२ व्होल्ट

शिकाऊ_वीजतंत्री

वीजतंत्रीचा अभ्यासक्रम संपवून मी नुकताच सौर यंत्रणा बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका तुकडीत शिकाऊ म्हणून लागलो आहे. याआधीचे माझे सगळे काम भिंतीच्या आतले होते; एमसीबी खाली ओढला, टेस्टर लावून पाहिला आणि कामाला हात घातला, एवढीच माझी सुरक्षिततेची कल्पना होती. छतावरच्या पहिल्याच दिवशी ती कल्पना मोडीत निघाली. तो दिवस येथे सविस्तर लिहीत आहे, कारण त्यातल्या एका गोष्टीचा उलगडा मला अजून झालेला नाही आणि मुकादमांनीही तो सांगितलेला नाही.

आमचे मुकादम साठीच्या पुढचे आहेत. त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. त्या दिवशीची तक्रार अशी होती की, रात्री पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा इन्व्हर्टर चालू होत नाही, पडद्यावर `Isolation fault` असा, म्हणजे वीज कुठेतरी जमिनीकडे गळत असल्याचा, इशारा दिसतो, आणि दुपारपर्यंत ऊन तापले की तो आपोआप चालू होतो. एकमजली इमारत, उताराचे छत, त्यावर दोन स्ट्रिंग, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेल्या १२-१२ पॅनेलच्या दोन माळा. मी उत्साहाने शिडी लावायला घेतली, तेव्हा काका म्हणाले, "शिडी राहू दे. वर जायचे की नाही, ते आधी खाली ठरेल."

खाली इन्व्हर्टरपाशी त्यांनी प्रथम एसी बाजूचा एमसीबी बंद केला, नंतर पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा डीसी आयसोलेटर बंद केला, दोन्हींना कुलपे लावली आणि किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकल्या. इन्व्हर्टरवरच्या सूचनेत ५ मिनिटे थांबायला सांगितले होते. आतले कपॅसिटर रिकामे व्हायला तेवढा वेळ लागतो. ती ५ मिनिटे आम्ही घड्याळाकडे पाहत नुसते उभे राहिलो. मग त्यांनी क्लॅम्प मीटर प्रत्येक डीसी केबलभोवती धरून प्रवाह शून्य असल्याची खात्री केली आणि मगच एमसी-फोर कनेक्टरचा खास पाना लावून दोन्ही स्ट्रिंगचे कनेक्टर इन्व्हर्टरपासून सोडवले.

येथे मी माझे ज्ञान पाजळले. खिशातला पेनसारखा टेस्टर काढला, तोच जो वायरीजवळ नेला की लाल दिवा लागतो आणि आवाज होतो. तो एका केबलवर टेकवला. दिवा लागला नाही. दुसऱ्या केबलवरही नाही. मी म्हणालो, "काका, बंद आहे." काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी मल्टीमीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मोज." मी टोके लावायला पुढे झालो, तर त्यांनी माझे मनगट धरले आणि मीटरच्या खालच्या भागाकडे बोट दाखवले. लाल वायर अँपिअरच्या खोबणीत होती. त्या स्थितीत टोके लावली असती, तर मीटर म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा ठरला असता आणि सगळी स्ट्रिंग माझ्या हातातच शॉर्ट झाली असती. ती वायर त्यांनी मुद्दाम तशी ठेवली होती की आदल्या कामात तशीच राहून गेली होती, हे मला अजून कळलेले नाही.

वायर जागेवर घातली आणि मोजले: ४९२ व्होल्ट. आभाळ भरलेले होते, सूर्य दिसतही नव्हता. एका पॅनेलचे ४१ आणि पॅनेल बारा. काका म्हणाले, "तुझा टेस्टर बदलत्या विजेचा वास घेतो. ही वीज बदलतच नाही, त्याला काय कळणार? आणि तू बंद केलेस ते इन्व्हर्टर. छतावर जे आहे ते सूर्य मावळल्यावरच बंद होते."

मग त्यांनी अवजारांच्या पेटीतून एक जळका कनेक्टर काढून दाखवला. त्यातली धातूची पिन वितळून टोकाला थेंबासारखी गोळा झालेली होती आणि भोवतीचे काळे प्लास्टिक फुगून फाटले होते. कोणीतरी इन्व्हर्टर चालू असताना तो ओढून काढला होता. त्यांनी समजावले की, घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते, म्हणून तिची ठिणगी बहुधा विझते; डीसीला असे शून्य नसते, त्यामुळे कनेक्टरची दोन टोके दूर गेली तरी ज्वाळा मधली जागा सांधून जळत राहते. फ्यूज उडेल या भरवशावरही राहता येत नाही, कारण पॅनेल शॉर्ट केले तरी त्याचा प्रवाह नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडासाच वाढतो.

यानंतर खरी मोजणी झाली. चांगल्या स्ट्रिंगची धन बाजू आणि अर्थिंग यांच्यात मीटर लावला, तेव्हा आकडा सुरुवातीला मोठा दिसला आणि पाहता पाहता उतरत काही व्होल्टांवर आला. दुसऱ्या स्ट्रिंगवर मात्र तो उतरलाच नाही: धन ते अर्थिंग १४८, ऋण ते अर्थिंग उणे २९६. काकांनी वहीत दोन आकडे लिहिले, एकास दोन असे प्रमाण काढले आणि म्हणाले, "धन टोकाकडून चार पॅनेल सोड. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये केबल कुठेतरी फ्रेमला लागते आहे." तोवर आम्ही छतावर पाऊलही ठेवले नव्हते.

वर जाताना हार्नेसची गोष्ट निघाली. मी दोर ऐसपैस ठेवला होता, म्हणजे सगळीकडे फिरता येईल. काकांनी तो आखडून असा बांधला की छताच्या कडेच्या हातभर अलीकडेच मी अडकेन. त्यांचा हिशेब असा: दोर सुमारे १.८ मीटर, झटका शोषणारी पट्टी उलगडली की आणखी मीटर-दीड मीटर, खाली माझी उंची आणि वर थोडी मोकळी जागा, म्हणजे दोराने पडणारा माणूस झेलायला साडेपाच-सहा मीटर तरी लागतात. छत जमिनीपासून चार मीटरही नव्हते. "दोर तुला झेलण्याआधी जमीन झेलेल. म्हणून येथे पडूच द्यायचे नाही," एवढे बोलून ते पुढे गेले. विजेचा हलका झटकाही छतावर वेगळा असतो, कारण माणूस दचकून मागे सरकतो आणि मागे काही नसते, हेही त्यांनी चालता चालता सांगितले.

चौथ्या आणि पाचव्या पॅनेलमधला जोड सोडण्यापूर्वी त्यांनी तेथेही क्लॅम्प लावून प्रवाह शून्य आहे हे पाहिले, खाली पाहिलेले असूनही. जोड सोडल्यावर स्ट्रिंगचे दोन भाग झाले, १६४ आणि ३२८ व्होल्टांचे. मोठा भाग त्यांनी पुन्हा मधोमध सोडवला, म्हणजे हाताखाली १६४ पेक्षा जास्त व्होल्ट कोठेच राहिले नाहीत. पाचवे पॅनेल उचलल्यावर दोष दिसला. त्याची धन केबल बसवताना रेल आणि फ्रेम यांच्यात सापडली होती. वरून ती नुसती चपटी दिसत होती. काकांनी ती उलटी केली तेव्हा आवरणात नखाएवढी फट होती आणि आत तांबे हिरवट पडले होते. चिकटपट्टी गुंडाळू का, असे मी विचारले. त्यांनी खराब तुकडा कापून काढला, त्याच बनावटीचा नवा कनेक्टर चिमट्याने दाबून बसवला आणि केबल पट्ट्यांनी रेलच्या वर बांधली, म्हणजे ती ना फ्रेमला लागेल ना छतावरच्या पाण्यात लोळेल.

आता माझा प्रश्न. स्ट्रिंग ४९२ व्होल्टांची आहे. मग १४८ आणि २९६ यांची बेरीज ४४४ का येते? मधले ४८ व्होल्ट कोठे गेले? काकांना विचारले तर म्हणाले, "प्रमाण बरोबर आले ना? मग बेरीज घरी जाऊन कर."

गच्चीवरचा

वर्णन छान आहे, पण तुमच्या मुकादमांनी काम उगाच लांबवले असे वाटते. मी माझ्या यंत्रणेवर काम करताना पॅनेलवर ताडपत्री टाकतो. प्रकाश नाही तर वीज नाही, मग कशाला ती मोजणी आणि तुकडे? शिवाय डीसी एसीइतकी घातक नसते, हे तर पुस्तकातही असते. ४८ व्होल्टांचा फरक मीटर स्वस्तातला असल्यामुळे आला असणार.

रोहित्र

आधी मूळ प्रश्नाचे उत्तर देतो. मीटर स्वस्तातला असो वा महागडा, त्या जागी फरक आलाच असता. व्होल्ट मोजताना बहुतेक डिजिटल मीटरांचा स्वतःचा रोध १० मेगाओहमच्या आसपास असतो. तुम्ही धन टोक आणि अर्थिंग यांच्यात मीटर लावता, तेव्हा प्रवाह मीटरमधून अर्थिंगमध्ये, तेथून फ्रेममध्ये आणि फ्रेममधून त्या ओल्या फटीतून परत स्ट्रिंगमध्ये जातो. म्हणजे मीटर आणि फट एकापाठोपाठ एक जोडलेले आहेत आणि व्होल्ट दोघांत वाटले जातात. फट अगदी तांब्याला तांबे लागल्यासारखी असती, तर तिच्या वाट्याला काहीच आले नसते आणि तुमची बेरीज ४९२ आली असती. तुमच्या बाबतीत सुमारे दहावा हिस्सा फटीने खाल्ला. त्याचा अर्थ तिचा रोध मीटरच्या रोधाच्या साधारण नववा भाग, म्हणजे १ मेगाओहमहून किंचित जास्त होता.

दोन्ही मोजण्यांत हा हिस्सा सारखाच कापला जातो, म्हणून १४८ आणि २९६ यांचे प्रमाण १६४ आणि ३२८ यांच्याइतकेच राहते. मुकादमांनी बेरजेकडे दुर्लक्ष केले ते यामुळे. उलट त्या बेरजेतून एक जास्तीची माहिती मिळते: दोष किती पक्का आहे. बेरीज पूर्ण व्होल्टांच्या जितकी जवळ, तितका तो पक्का. तुम्ही मोजलेत तेव्हा छत वाळायला लागले असणार. पहाटे मोजले असते तर बेरीज आणखी जवळ आली असती. बऱ्याच इन्व्हर्टरांची मर्यादा १ मेगाओहमच्या आगेमागे ठेवलेली असते, काहींची त्याहून पुष्कळ कमी असते. तुमचा इन्व्हर्टर दुपारी चालू व्हायचा, कारण फट वाळून तो आकडा मर्यादेच्या वर जायचा. फट मात्र तेथेच असायची.

आता गच्चीवरचा यांच्याबद्दल. डीसी कमी घातक हे अर्धे खरे आहे. सारख्याच प्रवाहाला हृदयाची लय बिघडण्याचा धोका एसीत जास्त असतो, हे मान्य आहे. पण स्ट्रिंगचे ४०० ते १००० व्होल्ट घरातल्या विजेच्या किती पट आहेत ते पाहा, आणि भाजण्याचा व न विझणाऱ्या ज्वाळेचा विचार केला तर तुलना उलटी होते. ताडपत्रीचेही तसेच आहे. पातळ किंवा फिकट ताडपत्रीतून झिरपणारा प्रकाश प्रवाह खूप कमी करतो, व्होल्ट मात्र फारसे कमी होत नाहीत. ढगाळ सकाळी मीटरने ४९२ दाखवले ते याच कारणाने. जाड, पूर्ण अपारदर्शक आच्छादन सगळ्या पॅनेलवर, कडांसकट, वाऱ्याने न उडता बसले तरच उपयोग होतो, आणि तसे ते बसले आहे की नाही हे कळायला शेवटी मीटरच लावावा लागतो. उताराच्या छतावर वाऱ्यात ताडपत्री धरणे हे स्वतःच पडण्याचे निमंत्रण आहे.

सहज_विचारले

माझ्याकडेही पावसानंतर उत्पादन कमी होते. धाग्यावरून असे समजले की पॅनेलवर ओल राहते म्हणून वीज कमी बनते. मग सकाळी लवकर पॅनेल स्वच्छ धुऊन पुसून घेतले तर फरक पडेल का? मी स्वतः वर जाऊन पाण्याची नळी मारू शकतो.

रोहित्र

कृपया तसे करू नका. येथे प्रश्न काचेवरच्या ओलीचा नाही, केबलच्या आवरणात पाणी शिरण्याचा आहे. पावसानंतर उत्पादन कमी होते म्हणजे दिवसभर कमी होते, की सकाळी काही तास पूर्ण शून्य असते? इन्व्हर्टरच्या नोंदीत तासागणिक आलेख असतो तो पाहा. सकाळचा भाग सपाट शून्य असेल आणि नंतर एकदम आलेख उभा चढत असेल, तर तुमच्याकडेही हाच दोष असू शकतो. अशा यंत्रणेवर नळीने पाणी मारणे म्हणजे जी फट वाळू द्यायची ती आपण होऊन भिजवणे, आणि त्याच वेळी ओल्या पायांनी ओल्या फ्रेमजवळ उभे राहणे. आलेख दिवसभर नुसता बुटका असेल, तर कारण बहुधा ढग.

सहज_विचारले

आलेख पाहिला. साडेनऊपर्यंत शून्य आणि मग एकदम वर. बसवणाऱ्यांना फोन केला, ते म्हणाले पावसाळ्यात असे होतेच.

पक्कड_पाना

ते उत्तर मीही ऐकले आहे. साडेनऊला आपोआप बरे होते म्हणून कोणी वर चढत नाही, आणि फट वर्षभर रुंद होत राहते. त्यांना पावसानंतर सकाळीच यायला सांगा. दुपारी आले तर मोजून काहीच सापडणार नाही.

मूळ धाग्यातल्या क्लॅम्प मीटरबद्दल मला सांगायचे आहे, कारण तेथे माझा स्वतःचा हात पोळला होता. मी बरीच वर्षे एसीचे काम केले आणि माझा क्लॅम्प मीटरही एसीचाच होता. एका स्ट्रिंगवर तो धरला, शून्य दिसले, निश्चिंतपणे कनेक्टर ओढला आणि समोर निळीपांढरी ज्वाळा उभी राहिली. हातमोजे होते म्हणून बोटे वाचली. साधा क्लॅम्प मीटर डीसी प्रवाह पाहूच शकत नाही. केबलमधून १० अँपिअर जात असले तरी तो प्रामाणिकपणे शून्य दाखवतो. डीसी मोजणारा क्लॅम्प वेगळा असतो. त्यालाही आधी मोकळ्या हवेत शून्यावर आणावे लागते, नाहीतर तो रिकामाच अर्धा-एक अँपिअर दाखवत बसतो. म्हणून आता मी काम सुरू करण्याआधी, इन्व्हर्टर चालू असतानाच एकदा क्लॅम्प लावून पाहतो. तेथे आकडा दिसला पाहिजे. दिसला नाही तर दोष मीटरचा आहे, हे आधीच कळते.

शिकाऊ_वीजतंत्री

रोहित्र, आपले आभार. बेरजेचा उलगडा झाला आणि काकांनी ती का टाळली हेही कळले.

पक्कड_पाना, आपण लिहिले तसेच काकांनी मल्टीमीटरच्या बाबतीत केले होते, ते लिहायचे राहून गेले. स्ट्रिंग मोजण्याआधी त्यांनी मला मीटर एका साध्या बॅटरीवर लावायला सांगितला आणि सगळे झाल्यावर पुन्हा त्याच बॅटरीवर. मला तो वेळकाढूपणा वाटला होता. मीटर मध्येच मेला असता तर त्याचे शून्य आणि खरे शून्य दिसायला सारखेच, हे आत्ता तुमचा अनुभव वाचताना ध्यानात आले.

एक शंका आणखी आहे. इन्व्हर्टर बंद केल्यावर प्रवाह शून्य होतोच. मग वर छतावर जोड सोडताना काकांनी दुसऱ्यांदा क्लॅम्प का लावला?

पक्कड_पाना

कारण इन्व्हर्टर बंद म्हणजे प्रवाह शून्य, हे यंत्रणा निरोगी असेल तरच खरे. तुम्ही दोष शोधायला गेला होता. फ्रेमला एका जागी केबल लागलेली असेल तर प्रवाहाला परतीची वाट नसते. दोन जागी लागलेली असेल, तर त्या दोन जागांमधली पॅनेले फ्रेममधून स्वतःचाच फेरा पूर्ण करतात आणि इन्व्हर्टरला काही पत्ता न लागता त्यांच्यात जवळजवळ पूर्ण प्रवाह फिरत राहतो. खाली केबलच्या टोकाला क्लॅम्प शून्य दाखवतो आणि वर नेमक्या तुमच्या जोडात प्रवाह असतो. मोठ्या छतांवर अनेक स्ट्रिंग एका पेटीत समांतर जोडलेल्या असतात, तेथे तर शेजारच्या स्ट्रिंगकडूनही उलटा प्रवाह येऊ शकतो. म्हणून जो जोड सोडायचा, त्याच जोडाजवळ मोजायचे.

गच्चीवरचा

ताडपत्रीबद्दल मान्य करतो, मी मीटर कधी लावून पाहिला नव्हता. काल लावला. निळ्या ताडपत्रीखाली दहा पॅनेलचे ३६० व्होल्ट निघाले. पण मग हे सगळे रात्री का करू नये? अंधारात तर काहीच नसते.

उताराचे_छप्पर

रात्री पॅनेलचे व्होल्ट जवळजवळ नसतात हे बरोबर आहे, आणि काही तुकड्या कनेक्टर बदलण्याचे काम पहाटे उजाडण्याआधी करतातही. पण काम करायला दिवा लागतो, आणि मोठा झोत पॅनेलवर पडला की थोडे व्होल्ट परत येतात. शिवाय बॅटरी जोडलेली असेल तर तिच्या बाजूच्या केबलना रात्र-दिवस काही नसते. मला रात्रीची खरी भीती मात्र पडण्याची वाटते. मी छपरांची कामे करतो, वीज माझे क्षेत्र नाही, पण पारदर्शक पत्रा अंधारात आणि धुळीत बाकीच्या पत्र्यासारखाच दिसतो, आणि त्यावर माणसाचे वजन टिकत नाही. दोष शोधायचा असेल तर रात्री मोजायलाही काही उरत नाही.

मला एक विचारायचे आहे. हे सगळे टाळायला छतावरच, पॅनेलच्या शेजारी, डीसी आयसोलेटर बसवला तर? खाली जायची गरजच पडणार नाही.

रोहित्र

यावर जाणत्यांतही एकमत नाही. वर आयसोलेटर असला तर तेथून खाली जाणारी केबल मृत करता येते, हा फायदा खरा. पण त्याच्या वरच्या बाजूला स्ट्रिंग जिवंतच राहते, म्हणजे या धाग्यातले एकही पाऊल त्याने वाचले नसते. आणि तो पेटीसकट वर्षानुवर्षे उन्हापावसात राहतो. ऑस्ट्रेलियात छतावरचा आयसोलेटर सक्तीचा होता. पेट्यांमध्ये पाणी शिरून आगी लागू लागल्यावर २०२१ च्या मानकात ती सक्ती काढून टाकली. अमेरिकेत वाट वेगळी आहे: तेथल्या २०१७ च्या विद्युत संहितेनुसार इमारतीवरच्या पॅनेलसमूहाच्या आतले व्होल्ट बंद केल्यापासून ३० सेकंदांत ८० च्या खाली यावे लागतात, आणि त्यासाठी बहुधा प्रत्येक पॅनेलमागे एक छोटे यंत्र बसते. म्हणजे छतावर आणखी जोड आणि आणखी कनेक्टर. मला स्वतःला कमी जोड असलेले छत आवडते.

उताराचे_छप्पर

आग विझवायला वर चढणाऱ्या माणसाला मात्र ते ८० व्होल्टच बरे वाटतील. तो काही पाना आणि क्लॅम्प घेऊन येत नाही.

रोहित्र

त्या बाजूने पाहिले तर माझ्याकडे उत्तर नाही.

पक्कड_पाना

विषय थोडा वेगळा, पण दुरुस्तीबद्दल कोणी काही म्हटले नाही. पॅनेलची स्वतःची केबल कापून नवा कनेक्टर बसवला की काही उत्पादक हमी नाकारतात. मी अशा वेळी आधी लेखी विचारतो. मुकादमांनी त्याच बनावटीचा कनेक्टर वापरला हे मात्र योग्यच केले; दोन बनावटींचे कनेक्टर एकमेकांत बसतात, टकदिशी आवाजही करतात, आणि दोन-तीन वर्षांनी तोच जोड तापून काळा पडलेला सापडतो.

शिकाऊ_वीजतंत्री

हमीबद्दल काकांना विचारले. त्यांनी कापण्याआधी मालकाकडून लेखी संमती घेतली होती आणि फटीचे फोटोही काढले होते; ते मी पाहिलेच नव्हते, मी तेव्हा दोर सोडवण्यात गुंतलो होतो.

काल रात्री जोराचा पाऊस झाला, म्हणून आज सकाळी आम्ही पुन्हा तेथे गेलो. इन्व्हर्टर पावणेसातला चालू झाला होता. तरीही काकांनी तो बंद करायला लावून दोन्ही स्ट्रिंग माझ्याकडून मोजून घेतल्या, या वेळी एक शब्द न बोलता. दुरुस्त केलेल्या स्ट्रिंगचा अर्थिंगशी आकडा उतरत ३ व्होल्टांवर आला. जिला आम्ही चांगली म्हणत होतो, ती मात्र दोन्ही बाजूंनी मोजूनही ११ आणि उणे १३ यांच्या खाली येईना. रोहित्र यांनी सांगितलेल्या हिशेबाने बेरीज २४ येते, म्हणजे फट असलीच तर तिचा रोध अजून फार मोठा आहे, आणि प्रमाण जवळपास मध्यावर बोट दाखवते. काकांनी तारीख घालून दोन्ही आकडे वहीत लिहायला सांगितले. पॅनेल उचलायचे की पुढच्या पावसापर्यंत थांबायचे, हे आमचे अजून ठरलेले नाही.